दहा जणींची ऑनलाइन योग बॅच: कॅमेरा, शिकवण्याच्या मर्यादा आणि फीचा हिशेब

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी योगवर्ग घेत असे. मार्च २०२० मध्ये हॉलला कुलूप लागलं आणि एप्रिलमध्ये मी लॅपटॉप जमिनीवर ठेवून पहिला ऑनलाइन वर्ग घेतला. तेवीस जणी आल्या. त्यांना माझे पाय खांबासारखे मोठे आणि डोकं लिंबाएवढं दिसत होतं, आणि मला त्यांच्यातल्या निम्म्या जणींचं फक्त कपाळ दिसत होतं. तीन आठवड्यांनी एकीने फोन करून सांगितलं, "ताई, वीरभद्रासन केलं की गुडघा दुखतोय." तिचा गुडघा आत पडत होता. हॉलमध्ये ते मला दारातून दिसलं असतं. स्क्रीनवर मात्र तिची चौकट कमरेशीच संपत होती, त्यामुळे तिचा गुडघा मी कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून मी ऑनलाइन वर्गाचा विचार एकाच प्रश्नापासून सुरू करते: मला काय दिसतंय? जे दिसत नाही ते शिकवायचं नाही. किती जणींकडे नीट बघता येतं त्यावर बॅचची संख्या ठरते, आणि संख्येवरून फी ठरते. नव्याने सुरू करणारे बरेच जण आधी फी ठरवतात, मग जाहिरात करतात आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी बघतात. हा क्रम उलटा करा.

खाली जे लिहिलंय ते एका ठरावीक बॅचबद्दल आहे: पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या बायका, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सव्वासहा ते सव्वासात, आणि शिकवणारी व्यक्ती पुण्यातल्या फ्लॅटच्या दहा बाय बाराच्या खोलीत. शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण झालेलं आहे आणि समोरासमोर काही काळ वर्ग घेतलेत असं गृहीत धरलंय. ते नसेल तर आधी ते करा. ऑनलाइन शिकवणं समोरासमोर शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

## संख्या दहाच का

कॉलच्या ॲपमध्ये शंभर जण सहज मावतात, पण तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. पंधरा इंची लॅपटॉपवर दहा-बारा जणींच्या चौकटी मांडल्या की प्रत्येक चौकट साधारण पत्त्याच्या पानाएवढी होते. एवढ्या आकारात गुडघा पावलाच्या रेषेत आहे का, खांदे कानाशी चढलेत का, हे कळतं. पंचवीस जणी घेतल्या की चौकट काडेपेटीपेक्षा थोडीच मोठी उरते आणि फक्त "कुणीतरी हलतंय" एवढंच समजतं.

दुसरा हिशेब वेळेचा. या वयोगटात उभं आसन तीस ते चाळीस सेकंद धरतात. एका चौकटीकडे बघून चूक ओळखायला मला तीन ते चार सेकंद लागतात. म्हणजे एका आसनात जास्तीत जास्त दहा जणींवरून नजर फिरते. अकरावीकडे नजर जाईपर्यंत आसन सुटलेलं असतं. तुमचा हात बसेपर्यंत, पहिले तीन महिने, सहा जणीच घ्या.

आणि हो, बघायचं म्हणजे तुम्ही सगळा वेळ आसन करून दाखवू शकत नाही. हॉलमध्ये करता करता मान वळवून बघता येतं. इथे मी प्रत्येक आसन एका बाजूला करून दाखवते आणि दुसऱ्या बाजूला त्या करत असताना लॅपटॉपसमोर बसून फक्त बघते, नाव घेऊन बोलते.

## तुमचा कॅमेरा

दोन यंत्रं लागतात. फोन तुम्हाला दाखवण्यासाठी, लॅपटॉप त्यांना बघण्यासाठी. एकाच लॅपटॉपवर दोन्ही होत नाही. अख्खं शरीर दिसावं म्हणून लॅपटॉप लांब ठेवला की पत्त्याचं पान दहा फुटांवरून बघायची वेळ येते.

फोन आडवा ठेवायचा, मागचा कॅमेरा वापरायचा. अंतर अंदाजाने ठरवू नका. आडव्या फोनमधून व्हिडिओ घेताना चौकटीची उंची साधारणपणे अंतराच्या दोन तृतीयांश भरते. माझी उंची पाच फूट तीन इंच, हात वर केले की जवळपास पावणेसात फूट. वर-खाली थोडी मोकळीक धरून सव्वासात फुटांची चौकट हवी, म्हणजे फोन मॅटच्या मध्यापासून अकरा फुटांवर हवा. बारा फुटांच्या खोलीत मॅटच्या मध्यामागे दोन फूट आणि ट्रायपॉडला अर्धा फूट सोडला की साडेनऊच फूट उरतात आणि ताडासनात मनगटं कापली जातात.

यावर मी केलेला उपाय साधा आहे: ट्रायपॉड खोलीबाहेर, पॅसेजमध्ये, उघड्या दारातून आत बघतोय. दार योग्य जागी नसेल तर खोलीचा कर्ण वापरा. एका कोपऱ्यात ट्रायपॉड, समोरच्या कोपऱ्याला आडवी मॅट. साधारण एक फूट जास्त मिळतो. फोनमध्ये ०.५ ची रुंद लेन्स असते हे खरं, पण कॉलच्या ॲपमध्ये ती बहुधा मिळत नाही. मिळाली तरी चौकटीच्या कडेला हातपाय ताणलेले दिसतात आणि गुडघ्याचा कोन चुकीचा वाटतो. ज्या वर्गात कोन बघूनच शिकायचंय तिथे ती नको.

लेन्सची उंची बेंबीएवढी, म्हणजे तीन ते सव्वातीन फूट. लेन्स सरळ समोर बघणारी, ना वर कललेली ना खाली. माझ्या पहिल्या वर्गातले खांबासारखे पाय जमिनीवरून वर बघणाऱ्या लेन्सचे होते. झोपून करायच्या आसनांसाठी ट्रायपॉड दीड फूट उंचीवर आणला तर उत्तम, पण वर्गात तो बदल एकदाच करा. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या आणि मॅटच्या चारही कोपऱ्यांच्या जागा फरशीवर इन्सुलेशन टेपने आखून ठेवा. रोजची दहा मिनिटं वाचतात.

मॅटची लांब बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा. भुजंगासन, सेतुबंधासन, मार्जारासन ही पाठीच्या वळणाची आसनं बाजूनेच कळतात. त्रिकोणासन, वृक्षासन समोरून दाखवायची तर मॅट तशीच राहू द्या आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करा.

आता उजव्या-डाव्याचा घोळ. तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून उजवा पाय उचललात तर त्यांना तो स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो आणि त्या आरशासारखा डावा उचलतात. म्हणून तोंडाने "उजवा" म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. Zoom मध्ये "Mirror my video" ही सेटिंग असते, ती फक्त तुमचं चित्र तुम्हाला कसं दिसेल ते बदलते. समोरच्यांना काहीच फरक पडत नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका. आठवडाभर घरी सराव केला की तोंड आणि पाय जुळतात.

उजेड समोरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने यायला हवा. जानेवारीत पुण्यात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. सव्वासहाला बाहेर अंधार असतो, सगळं नीट दिसतं, आणि वर्गाच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत तुमच्यामागची खिडकी उजळून तुमची काळी सावली होते. मागच्या खिडकीला जाड पडदा लावा. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक एलईडी ट्यूब पुरते. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्याचा दोष आहे, ट्यूब बदला. काळी लेगिंग आणि गडद मॅट एकत्र नको, पाय मॅटमध्ये विरघळतात. मी फिक्या मॅटवर गडद निळी लेगिंग घालते.

## आवाज आणि जोडणी

इथे बहुतेकांचा पहिला दिवस फसतो. दोन्ही यंत्रांचा आवाज चालू ठेवला की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. फोनवर लिंकने पाहुण्यासारखं आत या आणि आवाज जोडूच नका. फक्त चित्र. लॅपटॉपवर आवाज जोडा. कॉलरला लावायच्या वायरलेस माइकचा रिसीव्हर लॅपटॉपलाच लावा. तो फोनला लावला तर काही फोन स्पीकर बंद करतात आणि समोरचं कुणी बोललेलं ऐकूच येत नाही.

अशा जोडणीत ॲपला वाटतं की बोलणारी व्यक्ती लॅपटॉपवर आहे, म्हणून सगळ्यांच्या स्क्रीनवर तुमच्या लॅपटॉपचं चित्र मोठं होतं. त्यासाठी फोनच्या चौकटीवर जाऊन "Spotlight for Everyone" निवडा. मी फोनचं नाव "कॅमेरा" असं ठेवलंय, म्हणजे घाईत चुकत नाही.

ओंकार म्हणताना आवाज मध्येच नाहीसा होत असेल तर माइक खराब नाही. एकसारखा लांब स्वर ॲपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो कापतं. "Original Sound" चालू केलं की ओंकार पूर्ण ऐकू येतो. मात्र तेव्हा पंखा बंद हवा, कारण तोही पूर्ण ऐकू येतो.

फोन चार्जिंगला लावून, "डू नॉट डिस्टर्ब" करून ठेवा. फोन आला की चित्र गोठतं. Zoom चा मोफत कॉल चाळीस मिनिटांत आणि Google Meet चा मोफत गटकॉल साठ मिनिटांत संपतो. शवासनात असताना कॉल तुटणं फार वाईट, त्यामुळे तासाच्या वर्गाला सशुल्क प्लॅन घ्याच. इंटरनेट तपासताना डाउनलोडऐवजी अपलोडचा वेग बघा, तो सतत पाच एमबीपीएसच्या वर राहिला की पुरे. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. सकाळच्या बॅचला त्याचा त्रास कमी, पण अकराची बॅच काढणार असाल तर गुरुवार टाळा. माझे वार सोम-बुध-शुक्र आहेत त्याचं हेही एक कारण.

## तिचा कॅमेरा तुमच्यापेक्षा महत्त्वाचा

तुमचं चित्र चांगलं असेल तर तिला कळतं. तिचं चित्र चांगलं असेल तरच तुम्ही तिला सांभाळू शकता. म्हणून प्रवेश देण्याआधी प्रत्येकीबरोबर पंधरा मिनिटांचा स्वतंत्र कॉल करते आणि तिचा फोन कुठे ठेवायचा ते तिच्या घरात तिच्याचकडून ठरवून घेते. ट्रायपॉड घ्यायला लावत नाही. डायनिंगची खुर्ची, तिच्यावर तांदळाने भरलेला स्टीलचा डबा, डब्याला टेकवून आडवा फोन. रिकामा डबा घसरतो. फोन घसरू नये म्हणून पुढे एक दुमडलेला नॅपकिन. मग तिला तीन गोष्टी करायला सांगते: हात वर करून उभं राहणं, पाय फाकून उभं राहणं आणि मॅटवर उताणं झोपणं. तिन्हींत टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत ती दिसली की त्या जागेचा फोटो काढून ठेवायला सांगते. रोज तसंच.

तिच्या घरी जागा कमी असेल आणि उभ्या आसनात पाय दिसतच नसतील, तर ती उभी आसनं खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊन करेल असं तेव्हाच ठरतं. कॅमेरा बंद ठेवून वर्ग करायची सवलत मी कुणालाच देत नाही. काहींना ते जाचक वाटतं आणि त्या येत नाहीत. चालेल.

याच कॉलमध्ये घरातलं सामानही गोळा होतं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि पट्टा, वीट, खुर्ची, लोड अशा साधनांचा आधार देऊन आसन शिकवण्याची त्यांची पद्धत याच गावात वाढली. शिवाजीनगरमधली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. ऑनलाइन वर्गात तुमचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही, तिथे ही साधनं हाताचं काम करतात. पट्ट्याऐवजी सुती ओढणी, विटेऐवजी दोन जाड पुस्तकं दोरीने बांधून, लोडाऐवजी गुंडाळलेली चादर. खुर्ची चाकांची नको, आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली हवी.

## काय शिकवायचं नाही

आरोग्याच्या फॉर्ममध्ये माझा पहिला प्रश्न होता, "आपल्याला काही आजार आहे का?" कर्वेनगरच्या एका काकूंनी "नाही" लिहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पादहस्तासनानंतर त्या म्हणाल्या, "डोळे जड झालेत, थेंब घालायचे राहिले आज." कसले थेंब? काचबिंदूचे, सहा वर्षांपासून. त्यांच्या लेखी तो आजार नव्हता, रोजचं काम होतं. डोकं खाली जाणाऱ्या आसनांत डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू असताना ती आसनं द्यायची नसतात. त्या दिवशी काही झालं नाही, पण मी फॉर्म त्याच संध्याकाळी बदलला.

आता मी विचारते: रोज कोणती गोळी, थेंब, इंजेक्शन किंवा पंप घेता? गेल्या पाच वर्षांत कोणतं ऑपरेशन झालं? चक्कर कधी आली होती? जिना चढताना छातीत दडपण येतं का? घरात पडलात का, हाड मोडलं का? रात्री कोणत्या कुशीवर झोपता येत नाही? शेवटच्या प्रश्नातून खांदा, मान, कंबर सगळं बाहेर येतं. फॉर्म भरून आल्यावर मी तो कॉलवर पुन्हा वाचते. फॉर्म व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागवू नका, प्रत्येकीने तुमच्या नंबरवर वेगळा पाठवायचा.

या बॅचला ऑनलाइन मी शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि पूर्ण चक्रासन शिकवत नाही. आधी येत असलं तरी नाही. मानेवर भार असताना चूक झाली तर आधार द्यायला मी तिथे नसते. कपालभाती आणि भस्त्रिका गटात घेत नाही, कारण रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन यांत ती चालत नाहीत आणि दहांत अशी एक तरी असतेच. श्वास रोखून धरणंही नाही. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, आणि भ्रामरी, एवढ्यावर प्राणायाम छान होतो. जलनेतीसारख्या शुद्धिक्रिया स्क्रीनवरून शिकवायच्या नाहीत. गरोदर बाईला या बॅचमध्ये घेत नाही, तिला डॉक्टरांच्या परवानगीने वेगळा वर्ग हवा.

उरलेल्यांत प्रत्येकीचा बदल आधीच लिहून ठेवते आणि ती यादी लॅपटॉपशेजारी असते. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला पाठ गोल करून पुढे वाकणं नको, त्यात मणक्याला सूक्ष्म फ्रॅक्चर होऊ शकतो. ती पश्चिमोत्तानासनाऐवजी खुर्चीवर बसून, पाठ सरळ ठेवून जितकं जमेल तितकंच झुकते. रक्तदाबाची गोळी घेणारीने शवासनातून एकदम उठायचं नाही: कुशीवर, मग बसून चार-पाच श्वास, मग उभं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारी सकाळी उपाशीपोटी वर्गाला बसली तर साखर खाली जाऊ शकते. वर्गाआधी काय खायचं ते तिने डॉक्टरांना विचारून यायचं, आणि मॅटशेजारी तीन चमचे साखर घातलेलं पाणी ठेवायचं. हात थरथरणं, अचानक घाम, बोलण्यात गोंधळ दिसला की आधी पाणी पिऊन टाकायचं, मग बोलायचं. गोळी कमी कर, बंद कर, असं आपण कधीही म्हणायचं नाही, तिने आग्रह केला तरी.

सूचना देताना आसनाबरोबर थांबायची जागाही सांगा. त्रिकोणासनात "हात घोट्याला लावा" म्हटलं की सगळ्या घोटा गाठायच्या मागे लागतात. मी म्हणते, "हात मांडीवरून सरकवत न्या. श्वास अडला की दोन बोटं वर या. तीच तुमची आजची जागा." स्क्रीनवर चेहऱ्याचा रंग खरा दिसत नाही, त्यावर जाऊ नका. ओठ घट्ट मिटलेले, खांदे वर, पाय थरथरणारा, म्हणजे श्वास रोखलेला आहे. नाव घ्या आणि खाली आणा. दोन खुणा ठरवून ठेवा: तळहात कॅमेऱ्याला दाखवला तर "मी थांबलेय, ठीक आहे", मनगटांची फुली केली तर "मदत हवी".

कुणी न सांगता चौकटीबाहेर गेली आणि एक मिनिटात दिसली नाही, तर तिच्या घरच्या माणसाला फोन करायचा. त्यासाठी प्रत्येकीचा पूर्ण पत्ता आणि वर्गाच्या वेळी घरात असणाऱ्या माणसाचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. फाइलमध्ये असेल तर त्या क्षणी सापडत नाही. छातीत दुखणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, गार घाम, यापैकी काहीही झालं की वर्ग तिथेच थांबवायचा, तिला बसवून ठेवायचं, घरच्याला बोलवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. पडली असेल तर "उठा बरं" असं म्हणू नका. घरचं माणूस येईपर्यंत तिने आहे तिथेच राहायचं. वर्गाच्या वेळी घरात एकटी असणारीला मी फक्त खुर्चीवरचा आणि झोपून करायचा भाग देते.

## फीचा हिशेब, आकड्यांसकट

महिन्याला बारा वर्ग. सोम-बुध-शुक्र धरले की काही महिन्यांत तेरावा, चौदावा येतो. तो फीत धरू नका, बुडलेल्या वर्गाची भरपाई म्हणून हातात ठेवा.

आता तास मोजू. वर्गाचे बारा तास. प्रत्येक वर्गाआधी आणि नंतर पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे सहा तास. आखणी आणि मेसेजना उत्तरं, चार तास. महिन्यातून एकदा प्रत्येकीशी दहा-बारा मिनिटं बोलून तक्रारी विचारणं, दोन तास. एकूण चोवीस. तासाला ४०० रुपये मिळावेत असं धरलं तर ९,६०० रुपये. ॲपचा प्लॅन, इंटरनेट आणि विजेचा वाटा मिळून २,५०० धरते. ट्रायपॉड, माइक, ट्यूब, यूपीएस यांवर १२,००० गेले असतील तर ते दोन वर्षांत वसूल व्हावेत, म्हणून महिन्याला ५००. बेरीज १२,६०० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच ठेवा.

ही रक्कम दहाने भागू नका. दहाची बॅच वर्षभर दहाची राहत नाही. कुणाची सून बाळंत होते, कुणी मुलाकडे परदेशी जातं, मे महिन्यात निम्म्या कोकणात असतात. सातने भागा: माणशी १,८०० रुपये. सात जणी असल्या तरी तुमचं निघतं, दहा असल्या तर महिन्याला ५,४०० वर उरतात आणि तेच मेच्या खड्ड्यात भरले जातात.

तीन महिन्यांच्या फीत सवलत द्यायची पद्धत आहे, आणि तिथे पुष्कळ जण चुकतात. महिना १,८०० आणि तिमाही ४,८०० ठेवली तर दरमहा १,६०० झाले. सातही जणींनी तिमाही भरली तर हातात ११,२०० येतात, म्हणजे महिन्याला १,४०० रुपये खिशातून. सवलत आपल्या किमान फीच्या वरून द्यायची असते. म्हणून मासिक फी १,९०० जाहीर करा आणि तिमाही ५,४००. तिमाहीचे दरमहा बरोबर १,८०० पडतात.

"आमच्या बिल्डिंगमध्ये पाचशे रुपयांत शिकवतात" हे ऐकायला मिळेलच. पाचशे रुपयांत चाळीस जणी घेतल्या तर वीस हजार मिळतात, पण चाळीस जणींकडे कुणी बघू शकत नाही. मी विचारणाऱ्या बाईंना तेवढंच सांगते: माझ्या वर्गात प्रत्येक आसनात तुमचं नाव घेतलं जातं. ज्यांना ते हवंय त्या येतात. चाचणीचा वर्ग फुकट देऊ नका, २०० रुपये घ्या आणि प्रवेश घेतला तर फीत वळते करा. पैसे भरणारी फॉर्मही नीट भरते.

प्रवेशाच्या वेळी मी एक मेसेज पाठवते आणि उत्तरात "मान्य" लिहून घेते:

"माझी औषधं आणि ऑपरेशनं मी खरी सांगितली आहेत, बदल झाला तर वर्गाआधी कळवीन. वर्गात कॅमेरा चालू ठेवीन. दुखलं तर थांबेन आणि खूण करीन. शिक्षिकेने माझ्यासाठी टाळलेलं आसन करणार नाही. वर्गाचं रेकॉर्डिंग कुणालाही पाठवणार नाही."

"मान्य" आलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, पण नंतर कुणी "मला सांगितलंच नव्हतं" म्हणत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा आणि फक्त तुमची चौकट येऊ द्या. मी रेकॉर्डिंग देतच नाही. बुडालेल्या वर्गाच्या बदल्यात ती रात्री जेवून झाल्यावर एकटीने ते करणार, आणि तेव्हा तिच्याकडे बघायला कुणी नसणार.

पैशांचे नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या. तिने बुडवलेला वर्ग पुढे जात नाही. मी बुडवलेला त्याच महिन्यात भरून मिळतो. महिन्याच्या मध्ये आली तर उरलेल्या वर्गांचे प्रत्येकी १६० रुपये. तिमाही मध्येच सोडली तर न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत, आजारपण असेल तर चालू महिन्याचेही. वर्गासाठी बँकेचं खातं वेगळं ठेवा आणि यूपीआय त्यालाच जोडा, विवरणपत्र भरताना डोकं शांत राहतं. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि अशा दोन-तीन बॅचनी ती मर्यादा गाठली जात नाही.

वर्षाची आखणी अकरा महिन्यांची करा. दिवाळीच्या आठवड्यात वर्ग ठेवला तरी कुणी येत नाही. गणपतीचे दहा दिवस पुण्यात रात्रीची झोप उशिरा होते आणि सव्वासहाला बायका पेंगत येतात. त्या दिवसांत मी वर्ग बंद ठेवत नाही, पण उभी आसनं कमी करून खुर्चीवरची आणि झोपून करायची घेते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि ती जूनमध्ये तिमाही फी घेतानाच तारखेसह सांगून ठेवलेली असते.